अण्णांचा एक आणि माझे अडीच

शारजाच्या एका औद्योगिक वसाहतीत, बंद शटरसमोर, टाय लावून मी सकाळी साडेआठपासून उभा होतो. मीटिंग दहाची होती. निघण्याआधी कोपरखैरण्याच्या घरी बसून मीच ती फोनमध्ये टाकली होती, सकाळी दहा म्हणून. विमानातून उतरल्यावर फोनने आपणहून तिथली वेळ लावून घेतली आणि माझ्या दहाचे साडेआठ करून ठेवले. मला वाटलं, गिऱ्हाइकाने वेळ अलीकडे घेतली असणार. आमच्या पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधले व्हॉल्व्हचे नमुने भरलेली पिशवी छातीशी धरून मी दीड तास त्या उन्हात वाळत पडलो. शेवटी तिथल्या वॉचमनला दया आली. त्याने मला प्लास्टिकची खुर्ची दिली, माझा फोन बघितला आणि हसत म्हणाला, "भाईसाब, ये तो इंडिया का दस बजा है. आपने उधर डाला था ना?"

वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी गेलेल्या माणसाला एवढी चूक माफ असावी. मीही ती स्वतःला लगेच माफ केली. वाईट एवढंच झालं, की मी त्यातून धडा घेतला आणि तो चुकीचा घेतला.

मला वाटलं, आपला फोन फार हुशार आहे. भारतातलं काम कुठलं आणि इथलं कुठलं, हे त्याला बरोबर कळतं. याला पुरावाही होता. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सात वाजता असायचं. ते मी दर आठवड्याला आपोआप येईल असं फोनमध्ये टाकलेलं होतं, अर्धा तास आधी घंटी वाजेल अशा बेताने. शारजात मंगळवारी पहाटे पाचला ती घंटी वाजली. मी दचकून उठलो आणि हिशेब केला. इथले पाच म्हणजे तिकडचे साडेसहा. वा! दर्यापार येऊनही फोनला आमच्या अण्णांचं मशीन आठवत होतं. मी त्या यंत्राकडे अगदी कौतुकाने पाहिलं, लेकाकडे पाहावं तसं.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या बाजारात कांदाबटाट्याच्या धक्क्यावर आधी माथाडी होते आणि नंतर टोळीचे मुकादम झाले. आयुष्यात त्यांनी मनगटाला घड्याळ बांधलं नाही. नाशिकची गाडी कितीला लागणार, पुण्याची कितीला, कोण पाळीला आला आणि कोण दांडी मारून बसला, सगळं डोक्यात. किडन्या गेल्या तरी हे डोकं शाबूत होतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर पडायचं, दिवसाला मोजून लिटरभर पाणी प्यायचं, फळांना हात लावायचा नाही, हे सगळं त्यांनी एखाद्या नव्या मालकाचे नियम ऐकावेत तसं ऐकलं. म्हणायचे, "पाळी म्हंजी पाळी. चुकली की माल कुजला."

शारजातल्या पहिल्या रविवारी बायकोचा फोन आला.

"अहो, सेंटरवाल्यांनी अण्णांचा स्लॉट बदललाय. परवापासून दुपारी एक. वार तेच. लिहून ठेवा, नाहीतर नंतर मला विचारत बसाल."

"लिहायचं काय त्यात? फोनमध्ये टाकतो," मी म्हणालो. तिच्याशी बोलता बोलताच सातची जुनी नोंद पुसली आणि नवी टाकली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी एक. यादीत 'दुपारी १' असं दिसलं आणि मी निश्चिंत झालो. घरचं काम आहे, घरच्या वेळेनेच धरणार. इतका हुशार फोन!

त्याच मंगळवारी साडेबाराला घंटी वाजली, तेव्हा मी नेमाने बायकोला फोन केला. "निघालात का?"

"निघालात काय? कधीचे बसलेत मशीनवर," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

माझे साडेबारा म्हणजे तिचे दोन. घड्याळ माझ्यासमोर होतं आणि गणित तिसरीच्या पोराचं. पण मी म्हणालो, "लवकर गेलात वाटतं," आणि काय जेवलो ते सांगत बसलो. गुरुवारी तर फोनही केला नाही.

शुक्रवारी दुपारी मी घरी आलो तर बायकोची बॅग दारात भरून ठेवलेली. कराडला तिची आई न्हाणीत घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं आणि शनिवारी दुपारी ऑपरेशन होतं. मी बूट काढत होतो, ती चपला घालत होती.

"उद्या अण्णांचं मशीन. लक्षात आहे ना?"

"फोनमध्ये आहे."

"मग झालं," म्हणाली आणि गेली. वेळ तिनेही सांगितली नाही, मीही विचारली नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात सगळंच काही बोलावं लागत नाही, याचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

फोनने विमानतळावरच इथली वेळ लावून घेतली होती. शनिवारी सकाळी चहा घेताना मी यादी पाहिली. 'अण्णा, डायलिसिस, दुपारी २.३०.' मला जराही खटकलं नाही. एक म्हणाली होती की अडीच, हे मला आठवतही नव्हतं. आठवायचं काम मी केव्हाच फोनकडे सोपवलं होतं.

बारा वाजता अण्णा तयार होऊन हॉलमध्ये येऊन बसले. पांढरा शर्ट, टोपी, मांडीवर चादरीची आणि फायलीची पिशवी.

"चल की. रिक्षा बोलव."

"अण्णा, अडीचला आहे. बसा निवांत."

"एकला हाय."

"अडीच, अण्णा. आधी सकाळी होतं, ते बदललं ना? तुमचा गोंधळ होतोय."

"आरं, गोंधळ कसला? परवा सूनबाय घिऊन गेलती. एकला सुई टोचली. पाचाला सुटलो."

मी त्यांच्यासमोर फोन धरला. "हे बघा. वाचा."

अण्णांनी चष्मा वर-खाली केला. ते आकडे वाचू शकत होते. "अडीच हाय खरं," ते म्हणाले. मग चष्मा काढत, "पन एकला हाय."

"तुमचं खरं का फोनचं खरं?" मी हसून विचारलं. लहान मुलाला विचारतात तसं.

अण्णांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरी मशीनचा दिवस हा छोटा सण असतो. आज सगळं साफ होणारच आहे, म्हणून जाण्याआधी त्याला थोडी मोकळीक देतात. डॉक्टर नको म्हणतात, घरचे देतात. मीही दिली. दहा-बारा दिवस घरात नव्हतो, त्यामुळे लाड करायची हौस होती. बायको वाटीभर देते ती आमटी मी दोन वाट्या वाढली. हापूसच्या दोन फोडी दिल्या. ऊन फार होतं म्हणून वर ग्लासभर सरबतही दिलं. "घ्या हो, आज मशीन आहे," असं वर म्हणालो. अण्णांनी फोडी हळूहळू खाल्ल्या. सालाकडचं काही ठेवलं नाही.

एक वाजून गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "एक झाला न्हवं? मला बोलवीत असतील तिकडं."

"अण्णा, किती वेळा सांगू?" या वेळी मी हसलो नाही.

आम्ही सेंटरवर पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वीस मिनिटं आधी आलो म्हणून मी खूश होतो. दारातच सिस्टर उभी राहिली.

"आजोबा, आज इतका उशीर? एकचे ना तुम्ही? दीडपर्यंत थांबलो. दोनदा फोन केला, बंद लागला."

त्यांच्याकडे नंबर बायकोचा होता आणि बायको कराडला ऑपरेशन थिएटरबाहेर फोन बंद करून बसली होती. अण्णांच्या नेहमीच्या खुर्चीवर उरणहून आलेले एक गृहस्थ होते. श्वास लागला म्हणून त्यांना अचानक आणलं होतं आणि रिकामं दिसलं ते मशीन त्यांना मिळालं होतं. चार तासांचं काम, मध्येच काढता येत नाही. संध्याकाळची पाळी भरलेली. रविवारी सेंटर बंद.

"सोमवारी सकाळी सहाला एक जागा करून देते," सिस्टर म्हणाली. "पण तोपर्यंत पाणी अगदी कमी. फळं, सरबत काही नको. दम लागला तर वाट बघू नका, थेट इमर्जन्सीला न्या. शेवटचं मशीन गुरुवारी झालंय, लक्षात घ्या. पण असं झालं कसं? हे तर कधी चुकत नाहीत."

बाकावर चार-पाच माणसं बसली होती. सगळी आमच्याकडे बघत होती. मी फोन बाहेर काढला, अडीचचा आकडा पाहिला, आणि मला तो दाखवायची लाज वाटली. एवढं कळत होतं, की चूक या दोघांपैकी एकाची आहे, फोनची किंवा माझी. आणि माझ्या तोंडून निघालं ते असं:

"काय करणार सिस्टर, वय झालं. त्यांना आता वेळ लक्षात राहत नाही."

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरकडे पाहत राहिलो. सिस्टर म्हणाली, "अस्सं होय? मग फाइलवर लिहून ठेवते. यापुढे तुम्हालाच कळवू." आणि तिने लिहिलं.

रिक्षात अण्णांनी वाशीचा सिग्नल ओलांडल्यावर एवढंच विचारलं, "आज वार कुठला रं?"

"शनिवार."

"हां. मला बी शनवारच वाटलं."

रविवारी दुपारपर्यंत त्यांच्या पायांवर सूज दिसायला लागली. जेवले नाहीत. तीनच्या सुमारास आडवं होता येईना, उशा लावून बसवलं तरी दम थांबेना. श्वासाबरोबर छातीत पाणी खळबळल्यासारखा आवाज येत होता. बोलायचे तर एकेक शब्द सुटा यायचा. मी अँब्युलन्स बोलावली. चार मजले खाली नेताना ते खुर्चीत बसून माझं मनगट धरून होते. पोती उचललेल्या हातांची पकड अजून तशीच होती.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "मशीन चुकलं का? आंबा वगैरे खाल्ला का?" मी 'हो' म्हणालो. किती, ते सांगताना 'थोडा' म्हणालो. फुप्फुसांत पाणी झालं होतं, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडले होते. तिथेच तातडीने मशीन लावलं. मग आठ दिवस आयसीयू. तिथे घड्याळ भिंतीवर होतं, पण अण्णांच्या मागच्या बाजूला.

बायको सोमवारी कराडहून थेट इस्पितळात आली. तिला मी म्हणालो, "वेळेचा घोळ झाला." ती काचेतून आत बघत होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णा शुद्धीवर नीट आले. डॉक्टर रोजचे प्रश्न विचारायचे. आजोबा, कुठे आहात? वार कुठला? सकाळ का दुपार? अण्णांची उत्तरं बरोबर असायची. पण उत्तर देण्याआधी ते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की मग बोलायचे. ज्या माणसाने बाजारातल्या शंभर गाड्या डोक्यात ठेवल्या, तो 'दुपार' म्हणायला माझी परवानगी घेत होता. मी एकदा बाहेर जाऊन जिन्यात बसलो. डॉक्टर म्हणाले, आयसीयूत म्हाताऱ्या माणसांचं होतं असं, काहींचं नंतर सुधारतं. काहींचं, म्हणाले.

पंधरा दिवसांनी आम्ही सेंटरवर परत गेलो. या वेळी व्हीलचेअरवरून. वेळ आता बायकोने सांगितली आणि मी मुकाट्याने निघालो. फोनमध्ये अजून अडीचच होते. अण्णांना मशीन लावून झाल्यावर मी तिथल्या टेक्निशियनला सहज दाखवलं. पन्नाशीचा माणूस, अलिबागकडचा. त्याचा भाऊ मस्कतला असतो.

"हे बघा ना," मी म्हणालो. "मी एकच टाकले होते, देवाशपथ. फोनने आपोआप अडीच केले."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "टाकले तेव्हा होतात कुठे?"

"शारजाला."

"मग तो काय करणार? तुम्ही शारजाचा एक टाकलात. शारजाचा एक वाजतो तेव्हा आपल्याकडे अडीच वाजतात. इकडे आलात, त्याने इकडचं घड्याळ लावलं आणि अडीच दाखवले. फोन आकडा धरून ठेवत नाही साहेब, ती घटका धरून ठेवतो."

"पण ते भारतातलं काम होतं."

"त्याला काय माहीत, अण्णा शारजात आहेत का वाशीत? तुम्ही सांगितलंत का?" त्याने ती नोंद उघडली, दुरुस्तीच्या पानावर गेला आणि बोट ठेवलं. वेळेच्या खाली बारीक अक्षरात गल्फची वेळ असं लिहिलेलं होतं. "इथे भारत निवडायचं आणि मग एक टाकायचे. म्हणजे तिकडे असताना तुम्हाला साडेअकरा दिसले असते आणि इकडे आल्यावर एक. माझा भाऊ लग्नाच्या वेळा असाच चुकवायचा. आता शिकला."

सकाळच्या सातचं मग मला आपोआप कळलं. ती नोंद घरी बसून टाकलेली, म्हणून शारजात साडेपाच दाखवत होती. फोन हुशारही नव्हता आणि मूर्खही नव्हता. मी जे सांगितलं तेच तो इमानाने सांभाळत होता.

त्याने विचारलं, "बदलून देऊ?" आणि दोन ठिकाणी बोट लावून अडीचचा एक करून दिला. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी अण्णांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलो. नळ्यांतून रक्त फिरत होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"अण्णा, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. एकलाच होतं."

त्यांनी डोळे उघडले. "मंग?"

"मी तिकडे असताना फोनमध्ये चुकीचं टाकलं. चूक माझी."

त्यांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाले, "त्या बाईला सांग. लिवलंय तिनं."

मी सिस्टरकडे गेलो आणि फाइलवरची ओळ खोडायला सांगितली. ती म्हणाली, "खोडता येत नाही हो, खाली लिहू शकते." तिने खाली लिहिलं, की वेळेची चूक मुलाची. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

ते मिटलं नाही. पायांनी थोडा जोर धरला, सूज उतरली, घरात भिंतीला धरून चालायला लागले. पण विचारणं राहिलं. मशीनच्या दिवशी सकाळी सातपासून सुरू व्हायचं. "एकलाच न्हवं रं?" "हो अण्णा, एक." दहा मिनिटांनी, "तुझ्यात बघ की. एकच हाय न्हवं?" मी फोन उघडून दाखवायचो. ते आकडा बघायचे, तरी माझ्या तोंडाकडे बघायचे. वार विचारायचे, सकाळ का संध्याकाळ ते विचारायचे, जेवण झालं का तेही मला विचारायचे. ते आयसीयूमुळे, का आजारामुळे, का त्या बाकासमोर मी जे बोललो त्यामुळे, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही. मीही नेटाने विचारलं नाही.

एका गुरुवारी मला वर्कशॉपला उशीर होत होता. अण्णांनी सातव्यांदा की आठव्यांदा विचारलं आणि मी ओरडलो, "एक, एक, एक! किती वेळा तेच?" त्यांनी टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

बायको ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिने गॅस बारीक केला.

"त्या शनिवारी यांनी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, एकला आहे म्हणून?"

इतक्या आठवड्यांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं. तिला कळलं कसं, तेही मला माहीत नाही. अण्णांनी सांगितलं असेल किंवा सिस्टरने.

"तीनदा," मी म्हणालो. "परवा एकला सुई टोचली, असंही म्हणाले."

तिने तव्यावरची पोळी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीनदा सांगितलं त्यांनी आणि तुम्ही ऐकलं नाहीत. आता रोज तीसदा विचारतील, तर तीसदा सांगायचं. आणि फोन न बघता सांगायचं."